सत्तावन्न, सत्तावन्न

गेल्या आठवड्यात मोरीतला नळ गळायला लागला. सूनबाईने ऑफिसातून फोन करून प्लंबरचा नंबर सांगितला, "लिहून घ्या आई," म्हणाली आणि दोन-दोन आकडे करत सावकाश, स्पष्ट बोलली. मी दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने लिहून घेतला. दुपारी फोन लावला तर कुणा अनोळखी बाईंनी उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. "राँग नंबर," म्हणाल्या. मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही. मग मी तो कागद खिडकीपाशी नेला, चष्मा पुसला आणि पाहत बसले. शेवटी ३६ होते. तिने काय म्हटलं होतं ते मला लख्ख आठवत होतं. तिने त्रेसष्ट म्हटलं होतं. माझ्या कानानेही त्रेसष्टच ऐकलं होतं. हाताने ३६ लिहिले.

संध्याकाळी तिला सांगितलं, तर चप्पल काढता काढता म्हणाली, "माझ्याकडूनच घाईत चुकलं असेल, आई."

हे वाक्य मला तेव्हापासून सोडत नाही. नळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, पण ते वाक्य बोट धरून मला बारा वर्षं मागे, आमच्या शाखेतल्या आरटीजीएसच्या काउंटरवर घेऊन गेलं. मी बँकेत सदतीस वर्षं कारकून होते. अधिकारी होण्याची परीक्षा दिली नाही, कारण बदल्या नको होत्या. आकड्यांच्या चुका हे माझं रोजचं अन्न होतं आणि त्यातही ही एक जात, शेजारशेजारच्या दोन अंकांनी जागा बदलण्याची, माझ्या पूर्ण ओळखीची. तिचं मूळ पुष्कळदा आपल्या भाषेतच असतं. त्रेसष्ट म्हणताना जीभ आधी तीन म्हणते आणि मग साठ. हाताला मात्र आधी सहा लिहायचा असतो. म्हणजे ऐकलेलं क्षणभर तोंडात धरून ठेवायचं, उलटं करायचं आणि मग कागदावर टेकवायचं. आयुष्यभर हे इतकं सहज होतं की आपण काही करतो आहोत हेच कळत नाही. एकोणसाठ घ्या. त्यात पाचही ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो एक आणि साठ, आणि लिहायचे ५९. आमच्या कॅशमध्ये एक वयस्क दफ्तरी होते. ते कुणी आकडा सांगितला की एका अंकाची जागा कोरी सोडून आधी उजवीकडचा अंक लिहीत आणि मग मागे येऊन डावीकडचा. ऐकलं तसं लिहायचं, पण जागा राखून. त्यांचा आकडा उलटा पडलेला मी कधी पाहिला नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन', 'वीस एक' असंही वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मलाही राग आला होता, त्रेसष्ट हा शब्द मुलांच्या तोंडून जाईल की काय या भीतीने. पण त्या पुस्तकामागची अडचण खोटी नव्हती हे काउंटरवर बसलेल्या माणसाने तरी कबूल करायला हवं.

मी लागले तेव्हा सगळं लेजरवर होतं. महिन्याच्या शेवटी बॅलन्सिंग असायचं. एकेका लेजरमधल्या प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून घ्यायची, बेरीज करायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. क्वचितच पहिल्या फटक्यात जुळे. फरक आला की आमचे हेडकॅशियर एकच विचारत, "नऊने जातो का बघ." मला पहिल्या वर्षी हे मंत्रासारखं वाटायचं. मग एका रात्री त्यांनी कागदावर करून दाखवलं. समजा फरक १,८०० चा आहे. नऊने भागला, २०० आले. म्हणजे कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे पडले असावेत, ते हजार आणि शेकड्याच्या घरातले आणि त्या दोन अंकांत दोनाचं अंतर असणार. आता सगळं लेजर तपासायचं कारण नाही. ज्या शिलकेत हजार-शेकड्याचे अंक दोनने वेगळे आहेत तेवढ्याच बघ. मी बघत गेले आणि ५,७२० च्या जागी ७,५२० सापडले. सत्तावन्नशे वीस. लिहिणाऱ्याच्या कानाने आधी सात ऐकला होता. त्या रात्री साडेनऊची शेवटची एसटी चुकली, पण घरी मी पाण्यावरून चालत गेल्यासारखी गेले. पुढे कळलं की नऊने जाणारा प्रत्येक फरक उलट्या अंकांचाच असतो असं नाही. ४५ च्या जागी ४५० लिहिले तरी फरक नऊने जातो, आणि कधी तो निव्वळ योगायोगही असतो. तरी नऊ हा आमचा कुत्रा होता, वास काढत नेणारा.

हा सगळा दिलासा रकमेपुरता होता. रकमेची बेरीज होते, म्हणून रकमेतली चूक संध्याकाळी ओरडते. खाते क्रमांकाची बेरीज कुणीच करत नाही. पैसे एका खात्यातून निघाले, दुसऱ्यात पोचले, दोन्ही बाजू सारख्या, दिवसाची टॅली पैशाला पैसा जुळते. फक्त ज्याला मिळायला हवे होते त्याला मिळालेले नसतात.

२०१३ चा श्रावण. गुरुजी दुपारी साडेतीनला आले. निवृत्त शिक्षक, गणिताचे. गावातल्या निम्म्या दुकानदारांना त्यांनी पाढे शिकवलेले. धोतर नाही, पण पांढरा पायजमा आणि खिशाला शाईचं पेन. पुण्यात मुलाच्या नावावर जुना फ्लॅट घ्यायचा ठरला होता. शेताचा तुकडा विकलेला, फंडाची ठेव मोडलेली, असे मिळून ३८ लाख ४० हजार विकणाऱ्याच्या खात्यावर जायचे होते आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रेशन होतं. चेक 'युवरसेल्फ'चा, आरटीजीएसकरिता असं लिहिलेला, सही जुळणारी. फॉर्म सुरेख. गुरुजींचं अक्षर पाहत राहावं असं होतं, सातचा बाक आणि पाचची टोपी प्रत्येक वेळी सारखी. फॉर्मवर खाते क्रमांक दोनदा लिहायचा असतो, चूक कळावी म्हणून. पण लोक दुसऱ्यांदा लिहिताना वरचं बघूनच उतरवतात. त्यांनीही तेच केलं होतं. दोन्ही तंतोतंत सारखे.

एंट्री शेजारी बसलेल्या मुलीने केली. नुकतीच लागलेली, हुशार, बोटं कीबोर्डवर पावसासारखी पडायची. आमच्या शाखेत पद्धत होती की मोठी रक्कम असली की एकाने स्क्रीनवरचं मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने फॉर्मवर टिका मारायच्या. मग साहेब पासिंग करणार. ती वाचत होती, आजकालची मुलं वाचतात तसं, एकेक अंक, इंग्रजीत. शेवटी आली, "फाइव्ह, सेव्हन, सेव्हन, फाइव्ह." मी चारही टिका मारल्या. फॉर्मवर तेच होतं. पेन उचललं, आणि उचललेलंच राहिलं.

मी मनातल्या मनात वाचलं, सत्तावन्न, पंच्याहत्तर.

काहीतरी अडकलं. दाताला खडा लागावा तसं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, चूक असायला जागाच नव्हती, फॉर्म आणि स्क्रीन जुळत होते. अडकलं होतं ते कानात. महिनाभरापूर्वी याच गुरुजींनी याच माणसाला बयाण्याचे ५१ हजार एनईएफटीने पाठवले होते आणि तो फॉर्म मीच घेतला होता. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "गुरुजी, शेवटी सत्तावन्न दोनदा आहे, बरोबर ना?" आकडा सलग दोनदा आला की विचारायचं, ही माझी सवय. घाईत एकच जोडी लोक दोनदा लिहितात. ते म्हणाले होते, "दोनदाच आहे. मी तपासलंय." सत्तावन्न, सत्तावन्न. ते गाण्याच्या ठेक्यासारखं माझ्या कानात बसलं होतं आणि आज ठेका चुकला होता.

मी साहेबांना म्हटलं, एक मिनिट थांबा. घड्याळात पावणेचार. आमच्याकडे चारला खिडकी बंद. साहेब वाईट नव्हते, त्यांच्यापुढे अजून सहा फॉर्म होते. म्हणाले, "मॅडम, फॉर्म आणि स्क्रीन जुळतंय ना? खाली त्यांची सही आहे. उद्या त्यांचं रजिस्ट्रेशन आहे, आज अडवून आपण काय करणार?" हे नियमाने बरोबरच होतं. फॉर्मवर लिहिलेल्या क्रमांकाला पैसे पाठवायचे एवढंच आमचं काम, आणि क्रमांक चुकीचा असेल तर जबाबदारी सही करणाऱ्याची, असं फॉर्मवर छापलेलंच होतं. पण मला जे माहीत होतं ते रांगेतल्या कुणालाही माहीत नव्हतं. फॉर्मवर आपण ज्याला पैसे द्यायचे त्याचं नाव एवढ्या काळजीने लिहितो, ते नाव तेव्हा कुणी जुळवतच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केलं होतं की पैसे जमा होतील ते केवळ खाते क्रमांकावर. (पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय आरटीजीएस आणि एनईएफटीला एप्रिल २०२५ पासून आली. वाचलं तेव्हा मला पहिले गुरुजीच आठवले.) आमचं यंत्र आयएफएससीवरून बँक आणि शाखा आहे की नाही एवढं बघायचं. पलीकडच्या बँकेत तो क्रमांक कुणाचा, हे त्याला ठाऊक नसे.

क्रमांक अस्तित्वातच नसता तर काळजी नव्हती, पैसे परत आले असते. आधारचा बारावा अंक असतो तसा तपासणीचा अंक शेवटी असता तरी बरं होतं. आधीच्या अकरा अंकांवर गणित करून तो काढलेला असतो, त्यामुळे शेजारचे दोन अंक फिरले की तो जुळत नाही आणि यंत्र क्रमांकच नाकारतं. काही बँकांच्या खाते क्रमांकातही असा अंक असतो, सगळ्यांच्या नसतो, आणि देशभर एकच पद्धत आपल्याकडे नाही. क्रमांक नुसते ओळीने दिलेले असले, तर ५७५७ आणि ५७७५ यांच्यात फक्त अठरा खात्यांचं अंतर. पुन्हा नऊच्या पाढ्यातलंच. म्हणजे त्याच शाखेत, बहुधा त्याच आठवड्यात उघडलेलं कुणाचं तरी चालू खातं. ३८ लाख ४० हजार त्यात शांतपणे जाऊन बसले असते. मग आमची बँक त्यांच्या बँकेला पत्र लिहिणार, ती त्या खातेदाराला विनंती करणार आणि तो हो म्हणेपर्यंत त्याच्या खात्याला हात लावता येणार नाही. चुकून मिळालेले पैसे परत केले पाहिजेत असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं, पण नाही दिले तर कोर्टाची पायरी. तोवर पुण्यातला विकणारा थांबणार नाही.

मी शिपायाला मागच्या महिन्याचा व्हाउचरचा गठ्ठा आणायला लावला. गुरुजींच्या खात्याच्या उताऱ्यावरून तारीख काढली. गठ्ठ्याची सुतळी सोडताना बोटाला नख लागून रक्त आलं हेही आठवतं. तो फॉर्म सापडला. तेच सुरेख अक्षर. शेवटी ५७५७.

आणि इथे मी ते केलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

गुरुजी समोरच्या बाकावर बसले होते. मी उठून त्यांच्यापाशी गेले नाही. आनंदात होते, शिकार सापडल्याच्या. दोन्ही फॉर्म हातात धरून मी काचेतून मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, आकडा उलटा लिहिलात तुम्ही! सत्तावन्नचे पंच्याहत्तर झालेत!" हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. त्यांतले किती त्यांचे विद्यार्थी होते मला माहीत नाही, पण किराणा दुकानवाले होते, आणि ते हसले. वाईट हसले नाहीत. आपल्या मास्तरांचं गणित चुकलं तर माणूस जसा हसतो तसे. गुरुजी उठून आले. दोन्ही फॉर्म काउंटरवर शेजारी ठेवले, पेनाचं टोपण काढलं आणि टोपणाने एकेक अंक दाखवत ओठांत वाचले. शेवटाशी आले आणि टोपण थांबलं. "मुलाने फोनवर सांगितला," एवढंच म्हणाले. पहिल्या वेळी त्यांनी चेकच्या झेरॉक्सवरून बघून लिहिला होता, या वेळी कागद मुलाकडे राहिला होता. मुलाला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सत्तावन्न, सत्तावन्न. मी तेच सांगितलं होतं, दादा."

खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म हवा. मी कोरा फॉर्म पुढे केला. त्यांनी पेन हातात घेतलं, टोक कागदाला लावलं आणि उचललं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हीच लिहा, बाई. मी सही करतो." चारला चार मिनिटं कमी असताना पैसे गेले. मी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी तिची चार घड्या घालून खिशात ठेवली, मान हलवली आणि गेले. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. ती मुलगी मला विचारत राहिली, मॅडम, तुम्हाला कळलं कसं, आणि मी तिला दोन-दोन अंकांनी मराठीत वाचायला शिकवलं. तिला पंच्याहत्तर लगेच येत नसे, क्षणभर थांबावं लागे. मला वाटलं, उलट तिच्या पद्धतीत उलटं पडण्याची शक्यता कमी. अंक जसे आहेत तसेच ओळीने उच्चारले जातात. पण तिच्या पद्धतीत ठेका नव्हता, आणि त्या दिवशी ठेक्यानेच सांगितलं. दोन्ही खरं आहे. मराठी जोडीनेच गुरुजींचा आकडा उलटा केला होता आणि मराठी जोडीनेच तो मला सापडला.

त्यानंतर गुरुजी बँकेत आले ते पासबुक भरून घ्यायला. माझ्या खिडकीसमोर कुणी नसलं तरी ते पलीकडच्या रांगेत उभे राहत. दिवाळीपासून मुलगाच सुट्टीत येऊन त्यांची कामं करून जाऊ लागला. फॉर्मवर मुलाचं अक्षर असे, खाली गुरुजींची सही. एकदा मी त्याला विचारलं, गुरुजी बरे आहेत ना? म्हणाला, "तब्येत उत्तम आहे हो. आकड्यांचं काम मात्र आता मी करत नाही म्हणतात." मी पुढचा फॉर्म हातात घेतला.

मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. चूक दाखवायला हवीच होती, त्यात दुमत नाही. पण उठून बाकापर्यंत जायला दहा पावलं होती. जवळ जाऊन म्हणता आलं असतं, "गुरुजी, आमच्याकडून एंट्रीत गडबड झाल्यासारखी वाटते, मुलाला एकदा विचारता का?" पैसे तेवढेच वाचले असते. किंवा आधी मुलालाच फोन करता आला असता, नंबर खात्याच्या फॉर्मवर होता. पंधरा मिनिटं हातात होती. दफ्तर शोधायला मी त्यातली आठ खर्च केली, आणि दहा पावलं चालले नाही.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. परवा रात्री सगळे झोपल्यावर तो दिनदर्शिकेचा कागद मी पुन्हा काढला. ३६ च्या खाली, दफ्तरींच्या पद्धतीने डावीकडे जागा सोडून, आधी तीन लिहिला आणि मग मागे येऊन सहा. कागद घडी करून डब्यात ठेवला. सकाळी सूनबाई डबा भरत होती. मी म्हटलं, "अगं, तू त्रेसष्टच म्हणाली होतीस. मीच उलटं लिहिलं."

"असेल हो," ती म्हणाली आणि पोळी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "गॅसचा नंबर पण हवा होता ना तुम्हाला? घ्या लिहून."

मी पेन्सिल घेतली.